आईच्या नावावरचा फ्लॅट भाड्याने देताना

कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट ७८ वर्षांच्या आईच्या नावावर आहे. वडील गेल्यावर आई मुलाकडे राहायला आली आणि फ्लॅट दोन वर्षांसाठी भाड्याने द्यायचं ठरलं. महिना २५ हजार भाडं, एक लाख अनामत. अशा वेळी एजंट छापील मसुदा पुढे करतो आणि घरमालकाच्या जागी सवयीने मुलाचं नाव घालतो. पुढच्या बऱ्याच अडचणी इथून सुरू होतात.

करारात लायसेन्सर, म्हणजे जागा वापरायला देणारी व्यक्ती, आईच हवी. कारण मालकी तिची आहे. तिला सही-अंगठ्याला जाणं झेपत नसेल तर मुलाने ‘आईतर्फे कुलमुखत्यार’ म्हणून सही करावी. त्यासाठीचं कुलमुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोर केलेलं असावं. प्रकृतीमुळे बाहेर पडता येत नसेल तर अर्ज करून निबंधकाला घरी बोलावण्याची सोय कायद्यात आहे. मात्र आईला व्यवहार समजतो आहे तोवरच हे करून घ्यायला हवं. विस्मरणाचा आजार बळावून तिला व्यवहार कळेनासा झाला, तर तिला नवं कुलमुखत्यारपत्र देता येत नाही आणि जुनंही चालत नाही. तिच्या मृत्यूनंतर तर ते संपतंच.

दुसरं महत्त्वाचं कलम मुदतीचं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. वर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्या मानाने खर्च किरकोळ आहे. दोन वर्षांचं भाडं सहा लाख. त्यात परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, म्हणजे वीस हजार, मिळवायचं. या ६ लाख २० हजारांवर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क होतं १,५५० रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार.

करारात सुरुवातीची आणि शेवटची तारीख स्पष्ट हवी, कारण कलम २४ चा आधार त्या तारखेवर उभा आहे. राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि जागा अडवून ठेवल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता येते. आपल्या उदाहरणात ती दरमहा ५० हजार होईल. हा अर्ज मालकाच्या मृत्यूनंतर तिच्या जागी मालक झालेल्या वारसालाही करता येतो.

तिसरं कलम लॉक-इनचं. छापील मसुद्यात बहुधा पहिले काही महिने दोन्ही बाजूंना करार मोडता येत नाही. आईला कधीही आपल्या घरी परतावंसं वाटू शकतं, किंवा औषधोपचारासाठी फ्लॅट विकावा लागू शकतो. म्हणून लॉक-इन राहणाऱ्यापुरतं ठेवावं आणि आईला एक-दोन महिन्यांच्या नोटिशीने करार संपवता येईल, असं लिहावं. राहणाऱ्या कुटुंबाच्या मुलांची शाळा असेल तर ते हरकत घेतील. मग नोटिशीची मुदत वाढवावी, पण परतीची वाट बंद करू नये.

चौथी गोष्ट पैशांची. भाडं आणि अनामत आईच्या खात्यात जावी. हे उत्पन्न तिचं आहे आणि प्राप्तिकराचा हिशोबही तिच्याच नावावर होतो. पण ते खाते एकटीचं असेल तर तिच्या मृत्यूनंतर कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत पैसे अडकतात, आणि राहणारा म्हणतो, ‘अनामत द्या, मग चावी देतो.’ मुलासोबत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं जोडखातं असेल तर ही कोंडी टळते. मालकाचा मृत्यू झाल्यास पुढचं भाडं कोणत्या खात्यात भरायचं आणि अनामत कोण परत करणार, हे करारात दोन वाक्यांत लिहून ठेवावं. त्यात ज्याचं नाव येतं तो केवळ पैसे सांभाळणारा ठरतो. फ्लॅटवरचा इतर भावंडांचा वारसाहक्क तसाच राहतो.

शेवटी, मुदत संपण्याच्या दोन महिने आधी करार वाढवायचा की नाही, हे आईला विचारून ठरवावं. वाढवायचा असेल तर नवा करार नोंदवावा. तो न करता जुनंच भाडं ‘भाडं’ म्हणून घेत राहिलं, तर आपल्याला राहायला नव्याने परवानगी मिळाली, असा दावा राहणारा करू शकतो, आणि ताब्याचा सोपा मामला वादात पडतो.