आयसीयूत फादरांना दहा मिनिटं

वसई परिसरातल्या मराठी कॅथलिक घरांत हा प्रसंग अनोळखी नाही. आजी व्हेंटिलेटरवर आहे, डॉक्टरांनी ‘घरच्यांना बोलावून घ्या’ म्हटलंय आणि भेटीची वेळ केव्हाच संपलीय. धर्मग्रामाचे फादर यायला तयार आहेत, पण आयसीयूच्या दारात सुरक्षारक्षक उभा. तो म्हणतो, सिस्टरना विचारा. सिस्टर म्हणतात, सरांना विचारा. या विचारपुशीत तासभर सहज जातो, आणि इथे नेमकी वेळच महत्त्वाची असते. तैलाभ्यंग हा जिवंत माणसासाठीचा संस्कार आहे. मृत्यू झाल्यानंतर फादर प्रार्थना करतात, तेल लावत नाहीत.

उशीर होण्याचं एक कारण घरातच असतं. फादर आले म्हणजे सगळं संपलं, ही जुनी समजूत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितलं होतं की हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी सुधारला. गंभीर आजारात तो केव्हाही घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. तरीही अनेक घरांत फादरांना फोन जातो तो मॉनिटरवरचे आकडे घसरायला लागल्यावरच.

मग रात्री साडेनऊला वैद्यकीय अधीक्षकांना काय लिहायचं? भावना आवरून, समोरच्याला एका वाचनात ‘हो’ म्हणता येईल असं. आजीच्या नातवाने मोबाईलवरून पाठवायचा मजकूर साधारण असा असावा:

‘माननीय अधीक्षक, आयसीयू खाट ७ वरील रुग्ण माझी आजी आहे. तिचं नाव, आंतररुग्ण क्रमांक आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव खाली दिलं आहे. ती कॅथलिक असून शुद्धीवर असताना तिने फादरांना बोलवायला सांगितलं होतं. आमचे फादर आज रात्री १० ते ११ च्या दरम्यान दहा मिनिटांसाठी येऊ शकतात. सोबत मी एकटा असेन. ते हलक्या आवाजात प्रार्थना करतील आणि कपाळाला व हातांना किंचित तेल लावतील. मेणबत्ती किंवा धूप लावणार नाहीत, तोंडात काहीही देणार नाहीत. मास्क, गाऊन, हात धुणं विभागाच्या नियमाप्रमाणे होईल. मध्येच उपचाराची गरज पडली तर आम्ही लगेच बाहेर जाऊ. परवानगी दिल्यास रात्रपाळीच्या सिस्टर आणि गेटवरच्या रक्षकाला कळवावं, ही विनंती.’

खाली नातवाचं नाव, नातं आणि मोबाईल नंबर.

यातली ‘मेणबत्ती लावणार नाहीत’ ही ओळ सर्वांत कामाची. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण, आणि अधीक्षकांच्या मनात पहिली शंका तीच येते. तेलाबद्दलही स्पष्ट लिहिलेलं बरं. फादरांजवळ धातूची छोटी डबी असते, तिच्यात तेलात भिजवलेला कापूस. बोट त्यावर टेकवून कपाळाला लावायचं, एवढंच. ऑक्सिजनचा मास्क आणि नळ्यांपासून ते दूर ठेवावं लागतं. रुग्ण संसर्गामुळे वेगळा ठेवलेला असेल तर बोटाऐवजी कापसाचा बोळाही चालतो. गंभीर कारण असेल तर साधन वापरायची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे. हातांना सलाईन आणि पट्ट्या असतील तर नुसत्या कपाळावर भागतं.

रुग्ण शुद्धीवर असेल तर विनंती थोडी बदलते. पापनिवेदन करायचं तर दोन-चार मिनिटं पडदा ओढून सिस्टरना ऐकू येणार नाही इतकं दूर थांबावं लागेल, आणि तेही आधीच विचारून ठेवायला हवं. तैलाभ्यंग फक्त धर्मगुरूच करू शकतो. त्यामुळे आपल्या धर्मग्रामाचे फादर बाहेरगावी असतील तर ऐन वेळी घरच्यांनी धावपळ करण्यापेक्षा शेजारच्या धर्मग्रामाचा नंबर आधीच जवळ असावा.

अशी विनंती म्हणजे रुग्णालयाकडे मागितलेली मेहेरबानी नव्हे. ‘एनएबीएच’ मान्यतेच्या निकषांत रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांच्या विनंतीला प्रतिसाद देणं हा रुग्णहक्कांचाच भाग आहे. अर्थात कोण आत जाणार, केव्हा आणि किती वेळ, हे डॉक्टरच ठरवणार. तोंडी परवानगी मिळाली तर ती कुणी दिली ते नाव लगेच लिहून घ्यावं. रात्री पाळी बदलते आणि नव्या सिस्टरना काहीच ठाऊक नसतं.

हाच मजकूर हिंदू घरालाही उपयोगी पडतो, फक्त तेलाच्या जागी गंगाजल आणि तुळशीपत्र येतं. तिथे जास्त जपावं लागतं. गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात चमचाभर पाणी गेलं तरी ते श्वासनलिकेत उतरू शकतं. म्हणून पत्रातच लिहावं की ओल्या कापसाने फक्त ओठ टिपू आणि तुळस उशाशी ठेवू. तोंडात घालायचा आग्रह धरला तर नकार मिळतो, आणि तो रास्तच असतो.