पाठांतराआधी एक उपकेंद्र वसवा!

आरोग्य खात्याच्या परीक्षांची तयारी करणारी मुले हिवतापापाशी हमखास अडखळतात. एबीईआर, एसपीआर, एपीआय अशी तीन नावे. कुठे शंभराने गुणायचे, कुठे हजाराने. भागायचे कधी लोकसंख्येने, कधी रक्तनमुन्यांनी. रात्री पाठ केलेले सकाळी उलटेपालटे होते. मी त्यांना सांगतो, सूत्रे बाजूला ठेवा आणि मनात एक उपकेंद्र वसवा.

समजा, ते करमाडजवळच्या एखाद्या गावात आहे. सपाट भागात उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या धरतात. आरोग्य कर्मचाऱ्यांनी वर्षभरात ताप आलेल्या ५०० जणांच्या बोटातून रक्त घेऊन काचपट्टीवर नमुने केले. शंभर माणसांमागे १० नमुने झाले, हा एबीईआर. कार्यक्रमाची किमान अपेक्षाही तेवढीच आहे. ५०० पैकी ५ जणांना हिवताप निघाला. नमुन्यांच्या हिशेबात हे १ टक्का, म्हणजे एसपीआर १. गावाच्या हिशेबात हजारी १, म्हणजे एपीआय १. गावात रुग्ण इतके थोडे असतात, की शेकड्याने मोजले तर ०.१ असा अपूर्णांक हाती येतो. म्हणून तिथे हजार.

आता तिन्ही आकडे एका दोरीत ओवता येतात. एबीईआर गुणिले एसपीआर, भागिले १० म्हणजे एपीआय. दहा गुणिले एक, भागिले दहा. एखादा आकडा विसरला तरी उरलेल्या दोघांवरून तो सापडतो.

पुढच्या वर्षी कर्मचारी कमी पडले. फक्त १०० नमुने झाले, त्यांत २ रुग्ण निघाले. एबीईआर २, एसपीआर २, एपीआय ०.४. कागदावर हिवताप निम्म्याहून कमी झाला! प्रत्यक्षात फक्त शोध आटला. म्हणून कोणी एपीआय सांगितला, की आधी एबीईआर विचारावा. अर्थात एसपीआर दुप्पट झाला म्हणून आजारही दुप्पट झाला, असे नाही. दोनच रुग्णांवरून तसे म्हणता येत नाही, आणि थंडी वाजून आलेल्यांचेच नमुने घेतले तरी तो चढतो.

सालेही अशीच गोष्टीतून लक्षात राहतात. १९५३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम आला, तो यशस्वी वाटला म्हणून १९५८ मध्ये निर्मूलनाचा. १९६५ पर्यंत देशातले रुग्ण सुमारे एक लाखावर आले. मग हात सैल पडला आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. म्हणून १९७७ ची सुधारित योजना. तिने एपीआय २ ही रेघ आखली. त्यावर असलेल्या भागात नियमित कीटकनाशक फवारणी. आपल्या गावात दुसऱ्या वर्षी खरे रुग्ण १२ असते, तर एपीआय २.४ भरला असता. दोघेच सापडले, म्हणून ते गाव या रेघेखाली राहिले आणि फवारणीच्या यादीत आलेच नाही.