टिकतं ते सगळंच चालतं असं नाही

सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत एका घरी दोन बॅगा भरल्या जातायत असं समजा. लेक निघालीय अमेरिकेला, भाचा दुबईला. दोघांच्या बॅगेत सारखाच खाऊ आहे: कडक भाकरी, शेंगाचटणी, काळा मसाला, अनारसे, बेसनाचे लाडू आणि वर खोबऱ्याच्या चार वाट्या. यातलं काहीही महिनाभर नासणार नाही. तरीही दोन्ही बॅगा जशाच्या तशा पोहोचणार नाहीत.

गैरसमज : वाळलेला पदार्थ कुठेही नेता येतो.

वस्तुस्थिती : पहिली अडचण आपल्याच विमानतळावर येते, खोबऱ्याच्या वाट्यांची. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतं आणि त्यातून उष्णता निघते. कोंडलेल्या जागी ती साठत गेली तर खोबरं आपोआप पेटू शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा समावेश आहे (यूएन १३६३) आणि तपासणीत वाट्या काढून ठेवायला लावतात.

दुसरी अडचण खसखशीची. अनारसे खसखशीवर थापलेले, काळ्या मसाल्यातही ती भाजून घातलेली. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते. पण ती अफूच्याच झाडाचं बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. तिथे ती सापडली, तर प्रकरण पुडी जप्त करण्यावर थांबेलच असं नाही. भाच्याच्या बॅगेतून अनारसे काढावेत आणि त्याच्यासाठी मसाला खसखस न घालता वेगळा कुटावा.

गैरसमज : शिजवलेलं नको म्हणतात, कच्चं धान्य तर निर्धोक.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या बाबतीत नेमकं उलट आहे. भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ, हरभरे, करडईचं बी तिथे नेता येत नाही. कारण आहे खापरा भुंगा. साठवलेल्या धान्याची ही कीड पोत्याच्या शिवणीत दडून राहते आणि तिच्या अळ्या खाण्यावाचून खूप काळ तग धरतात. तेव्हा लेकीच्या बॅगेत हरभऱ्याची पुरचुंडी टाकली, तर ती अडेल. खमंग भाजलेल्या बेसनाच्या लाडवाला मात्र या किडीची अडचण नाही. दुधाच्या पदार्थांचे नियम पुन्हा वेगळे: ऑस्ट्रेलियात आपले पेढे-बर्फी आणू देत नाहीत.

गैरसमज : घरचाच खाऊ आहे, सांगायची गरज नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेत उतरल्यावर जवळ अन्नपदार्थ आहेत का, असं विचारतात. ‘हो’ म्हटलं आणि एखादी वस्तू चालत नसली, तर ती काढून घेतात. विषय तिथे संपतो. ‘नाही’ म्हटलं आणि बॅगेत सापडली, तर दंड होतो. तो १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. डब्यांवर इंग्रजीत ठळक लिहून ठेवावं: चटणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. अधिकाऱ्याला पदार्थाचं नाव नाही, तर त्यात काय आहे ते हवं असतं.

गैरसमज : व्हॅक्यूम पॅक केलं की झालं.

वस्तुस्थिती : व्हॅक्यूममुळे हवा निघते, ओल निघत नाही. कडक भाकरीचा तर त्यात चुराच होतो. भाकरी मंद आचेवर पूर्ण वाळवावी आणि पार गार झाल्यावर भरावी. कोमट असतानाच भरली तर पिशवीला आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. कडा आणि मधला भाग दोन्हीकडे मोडून पाहावं: टचकन तुटली तर तयार, वाकली तर आत ओल आहे. नंतर कागदात गुंडाळून पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवावी.

चटणीला मात्र हवाबंद पिशवी उपयोगी पडते, कारण शेंगदाण्याचं तेल हवेने खवट होतं. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे काढून टाकावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. कुटलेली चटणी आणि मसाला केबिनमध्ये नको, चेक-इन बॅगेतच टाकावा.

गैरसमज : बॅगेत बसलं नाही ते कुरिअरने पाठवू, नियम तेच.

वस्तुस्थिती : कुरिअरने अमेरिकेत अन्न पाठवायचं तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आधी सूचना द्यावी लागते. यातून सूट आहे ती अशी: पदार्थ स्वतःच्या घरी केलेला हवा, करणाऱ्यानेच तो पाठवायला हवा आणि ती व्यक्तीने व्यक्तीला दिलेली भेट हवी. आईने केलेली चटणी आईच्याच नावाने पाठवली तर सूट मिळते. बचत गटाकडून विकत घेतलेली चटणी त्यात बसत नाही, मग ती कितीही घरगुती असो.

शेवटी तामलवाडीच्या बॅगांचा हिशेब असा: भाकरी, चटणी आणि लाडू दोघांबरोबर जातील, मसालाही जाईल, पण भाच्याचा खसखशीविना, अनारसे फक्त लेकीबरोबर, आणि खोबऱ्याच्या वाट्या घरीच राहतील. नियम बदलत असतात. म्हणून बॅग भरायच्या आधी त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाची आणि विमान कंपनीची ताजी यादी एकदा वाचाच.