चष्म्याच्या चिठ्ठीचा फोटो: 18 की 180?

समजा, मुलीला पहिल्यांदाच चष्मा लागला आणि मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो आला. उजवा डोळा: SPH −1.25, CYL −1.50, AXIS 18°.

SPH हा मुख्य नंबर. उणे चिन्ह असेल तर लांबचे अंधुक दिसते. CYL हा तिरपा नंबर; डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसली की तो लागतो. तो काचेत कोणत्या कोनात बसवायचा, हे AXIS सांगतो. हा आकडा 180 पर्यंतच असतो.

फोटोत अंशाचे बारीक वर्तुळ शून्यासारखे दिसते आणि 18 चे 180 होतात. मग तिरपा नंबर भलत्याच कोनात बसतो, नव्या चष्म्यातूनही अक्षरे पसरट दिसतात, डोके दुखते. म्हणून डॉक्टरांकडून AXIS चिन्हाशिवाय, तीन आकड्यांत, 018 असा लिहून घ्या. तयार चष्मा दुकानातल्या नंबर मोजायच्या मशीनवर लावून चिठ्ठीशी ताडून पाहा.