ऊसबिल जमा होण्याआधीचं डोकं

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात वर्षाचा मोठा पैसा एकदाच येतो, कारखान्याचं बिल जमा होतं तेव्हा. म्हणजे तोच माणूस काही महिने तंगीत असतो, तर काही महिने निवांत. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी नेमकं हेच हेरलं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची त्यांनी तोडणीच्या आधी आणि नंतर चाचणी घेतली. निष्कर्ष २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले.

एका चाचणीत आकृत्यांमधला गाळलेला तुकडा ओळखायचा होता. दुसरीत ‘५ ५ ५’ असं काही दाखवून अंक किती वेळा आलाय ते विचारायचे. उत्तर तीन, पण तोंडात येतं पाच! जीभ आवरायला लक्ष जागेवर लागतं. तोडणीआधी पहिल्या चाचणीत सरासरी ४.३५ उत्तरं बरोबर आली, तोडणीनंतर ५.४५. दुसऱ्या चाचणीतल्या चुका घटल्या, वेळही कमी लागला. हा हवामानाचा परिणाम म्हणावा, तर तोडणीच्या तारखा कारखाना ठरवतो. एकाच महिन्यात कुणाचा ऊस गेलेला असतो, कुणाचा उभाच असतो.

तोडणीआधी यातल्या ७८ टक्के शेतकऱ्यांनी काहीतरी गहाण टाकलेलं होतं, नंतर फक्त ४ टक्क्यांनी. बुद्धी तीच, पण तिचा एक हिस्सा देण्याघेण्याच्या हिशेबात गुंतलेला. संशोधक याला ‘मानसिक बँडविड्थ’ आटणं म्हणतात.

अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर अशाच चाचण्या झाल्या, तिथे मात्र फरक दिसला नाही. माझ्या मते ठरलेल्या तारखेच्या पगाराची वाट पाहणं आणि बिल कधी येईल याचा घोर लागणं, या गोष्टी वेगळ्या आहेत. ओडिशातला प्रयोग जास्त बोलका आहे. पत्रावळ्या लावणाऱ्या कामगारांपैकी काहींना मजुरीचा मोठा भाग आधी दिला. दर तोच, एकूण रक्कमही तीच. पैसे मिळाल्यावर त्यांचं उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं आणि हातून होणाऱ्या चुका कमी झाल्या. जास्त गरीब कामगारांत हा फरक ठळक होता.

मदत योजना आखणाऱ्यांनी यातून वेळ साधायला शिकावं. पश्चिम केनियात कापणी होताच, हातात पैसा असताना, खत आगाऊ विकत घ्यायची सोय घरी येऊन दिली. खताचा वापर वाढला. आपल्याकडे मात्र तंगीच्या ऐन दिवसांत पीककर्जाचे अर्ज, दाखले आणि हेलपाटे सुरू असतात, आणि एक कागद राहिला की शेतकरी निष्काळजी ठरतो.

ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. नवी योजना जाहीर करण्याआधी सरकारने ही मुदत कारखान्यांना पाळायला लावावी.