खोकल्याची बाटली आणि दीड वर्षाचा नातू

पावसाळा सरत आला की दवाखान्यात एक दृश्य हमखास दिसते. आजींच्या कडेवर नाक गळणारे मूल असते आणि पिशवीत अर्धी भरलेली बाटली. अशाच एक आजी परवा दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आल्या. दोन दिवसांपासून सर्दी, रात्री खोकल्याची ढास, अंग किंचित गरम, वजन बरोबर दहा किलो. बाटली मेजावर ठेवून त्या म्हणाल्या, "मोठ्याच्या वेळची आहे. त्याला चौथ्या दिवशी गुण आला होता आणि रात्री झोपही छान लागायची. यालाही तीच देऊ ना?"

त्यांच्या प्रश्नात दोन निरीक्षणे होती आणि दोन्ही खरी होती. चौथ्या दिवशी गुण आला होता आणि झोपही लागली होती. पण त्यांपैकी एकही गोष्ट बाटलीतले औषध उपयोगी पडल्याची खूण नाही. हे पटवून द्यायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला.

साध्या सर्दीची चाल ठरलेली असते. ती विषाणूंमुळे होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोर धरते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतरू लागते. आपण औषध बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू करतो आणि उतार पडला की श्रेय बाटलीला देतो. खोकला मात्र मागे रेंगाळतो, कधी दोन ते तीन आठवडेही. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते, त्यामुळे एक खोकला सरेपर्यंत दुसरा सुरू होतो आणि घरातल्यांना वाटते की मूल सतत आजारीच आहे.

बाटलीत काय असते?

मी आजींच्या हाती भिंग दिले आणि लेबल वाचायला सांगितले. दर पाच मिलिलिटरमध्ये पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम आणि फेनिलेफ्रिन ५ मिलिग्रॅम. एका चमच्यात तीन औषधे. अशा मिश्रणांत कधी खोकला दाबणारे चौथे औषधही असते.

क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीवरचे जुने औषध. ॲलर्जीच्या सर्दीत त्याचा उपयोग होतो, पण विषाणूंच्या सर्दीत नाक वाहण्याची कारणे बहुतांशी वेगळी असतात. ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि गुंगी आणते. आजींना दिसलेली 'छान झोप' ती हीच. खोकला हे मुलाचे श्वासमार्ग मोकळे ठेवण्याचे साधन आहे. गुंगीत ते साधन मंदावते, कफही घट्ट होतो. मात्रा थोडी जास्त झाली तर तान्ह्या मुलाचा श्वास मंद पडू शकतो. काही मुलांत परिणाम अगदी उलट होतो आणि मूल रात्रभर चिडचिड करते, तळमळते.

फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करून चोंदलेले नाक मोकळे करते, असा दावा असतो. पण तोंडावाटे घेतल्यावर त्याचा बराचसा भाग आतड्यात आणि यकृतातच निकामी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये, तोंडावाटे दिलेल्या फेनिलेफ्रिनचा चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही, असा एकमुखी निष्कर्ष काढला. तो प्रौढांबाबत होता. मोठ्यांनाच जे लागू पडत नाही, ते तान्ह्याला देऊन छातीतली धडधड तेवढी का वाढवायची?

तिसरे पॅरासिटामॉल. ते चांगले औषध आहे, आणि म्हणूनच इथे घोटाळा होतो. दहा किलोच्या मुलाला तापात एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम, म्हणजे दर किलोला १५ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल पुरते. समजा, आईने संध्याकाळी तापाचे औषध योग्य मापाने दिले. अर्ध्या तासाने आजींनी 'सर्दीचे' म्हणून या बाटलीतले पाच मिलिलिटर दिले. मुलाच्या पोटात २७५ मिलिग्रॅम गेले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दोघींनीही प्रेमाने आणि मोजूनच दिलेले असते. असे दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन दिवस चालले तर भार यकृतावर पडतो आणि त्याची बाहेरून चाहूलही लागत नाही.

सरकारी सूचना आणि नागपूरची आठवण

भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तशी सूचना लेबलावर छापावी, असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने आणखी स्पष्ट शब्दांत सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत वा विकू नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. जुन्या बाटलीवर ही सूचना नसेलही. तेवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही.

दुसरी सूचना आली तेव्हाचे दिवस विदर्भातल्या वाचकांना आठवत असतील. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली, बहुतेक पाच वर्षांखालची मुले खोकल्याचे औषध घेतल्यावर लघवी बंद होऊन आजारी पडली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या अनेकांना नागपूरला आणले गेले. वीसहून अधिक मुले दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रावक ४८.६ टक्के आढळले. मर्यादा ०.१ टक्का आहे. ही भेसळ होती, म्हणजे वर सांगितलेल्या तीन औषधांचा दोष नव्हे. तो प्रश्न वेगळा आहे आणि तो कारखान्यात व तपासणीत सोडवायचा आहे. तरीही ती मुले ज्या सर्दी-खोकल्यासाठी औषध घेत होती, त्यातल्या बहुतेकांना त्या बाटलीची गरजच नव्हती, हा विचार माझ्या मनातून जात नाही. यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. "काहीतरी लिहून द्या" म्हणणाऱ्या पालकांपुढे कागद कोरा ठेवणे आम्हाला जमत नाही.

मग रात्र कशी काढायची?

आजींचा पुढचा प्रश्न हाच होता. सर्वांत उपयोगी वस्तू औषधाच्या दुकानात मिळते आणि ती अगदी स्वस्त असते. साध्या मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब. लेबलावर 'सोडियम क्लोराइड' एवढेच लिहिलेले हवे. तशाच छोट्या बाटलीत 'झायलोमेटाझोलिन' किंवा 'ऑक्सिमेटाझोलिन' असलेले थेंबही मिळतात. ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लहान मुलांना घालू नयेत, कारण थोडेसे जास्त झाले तरी मूल सुस्त पडू शकते. मिठाच्या पाण्याची बाटली क्षणभर मुठीत धरून कोमट करावी, मुलाला उताणे निजवून प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि सुटलेला शेंबूड मऊ कापडाने टिपून घ्यावा. दूध पाजण्याआधी आणि निजवण्याआधी हे केले की मूल नीट दूध ओढते. तान्हे मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्यामुळे नाक मोकळे झाले की निम्मी कुरकुर थांबते.

खोकल्यासाठी मध. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला निजण्यापूर्वी अर्धा लहान चमचा मध नुसता किंवा कोमट पाण्यात द्यावा. याने रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो, असे मुलांवरील अभ्यासांत दिसले आहे. पण एक वर्षाच्या आत मधाचे बोटही चाटवू नये. बाळगुटीतही नको, नवजात बाळाला चाटवण्याच्या रीतीतही नको. मधात काही वेळा एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या वाढू शकतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. मध गरम करूनही ते मरत नाहीत.

आपल्या काही जुन्या उपायांबद्दलही बोलावे लागेल. आजींना ते रुचले नाही, तरी सांगितले. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून बरा न होणारा न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर छातीला चोळू नये, तो पोटात गेला तर मुलाला झटके येतात. उकळत्या पाण्याची वाफ देताना भाजलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून तीही नको. ओव्याची कोमट पुरचुंडी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी आणि मुलाच्या अंगापासून दूर ठेवावी. तिचा वास घरभर दरवळला तर काही बिघडत नाही. दूध, पेज, वरणाचे पाणी थोडे थोडे, वारंवार द्यावे.

ताप असून मूल कष्टी दिसत असेल तर फक्त पॅरासिटामॉल द्यावे. सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही, आणि मात्रा वजनावरून डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. याच औषधाच्या थेंबांच्या बाटलीत दर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असू शकते आणि पातळ औषधात पाच मिलिलिटरमध्ये १२५. त्यामुळे एका बाटलीचे माप दुसरीला कधीच वापरू नये, आणि स्वयंपाकघरातला चमचा तर नाहीच. औषध देणाऱ्याने वेळ कागदावर लिहून तो कागद फ्रिजवर चिकटवावा, म्हणजे दुसरी मात्रा चुकून जाणार नाही.

शेवटी मी आजींना घड्याळ पाहून श्वास मोजायला शिकवले. मूल शांत किंवा झोपलेले असताना अंगावरचा सदरा वर करून पोटाची हालचाल पाहायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असतील, तर त्याच रात्री डॉक्टरांकडे जावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पीत नसेल, उठवूनही जागे होत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर मोजत बसू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला तरी थांबू नये. आणि सर्दी नसताना, खेळता-खाता एकाएकी ठसका लागून खोकला सुरू झाला असेल तर श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा तत्सम काही अडकल्याची शंका घ्यावी.

त्या रात्री आजींनी मला फोन केला. श्वास एकतीस भरले होते, मूल दूध पिऊन झोपले होते आणि अधूनमधून खोकत होते. "खोकतोय, पण हसतोय," त्या म्हणाल्या. मोठ्या नातवाची बाटली त्यांनी दवाखान्यातच माझ्याकडे सोडली होती. तिच्यावरची मुदत संपून सात महिने झाले होते.