दहा पायऱ्या न चढता दहावा डेरिव्हेटिव्ह

x² cos x या फंक्शनचा x = 0 इथला दहावा डेरिव्हेटिव्ह किती? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला किंवा बीएस्सीला गणित घेतलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग. त्या वेगाच्या बदलाचा वेग हा दुसरा डेरिव्हेटिव्ह, त्याचाही पुन्हा बदलाचा वेग काढला की तिसरा, आणि असं दहाव्यापर्यंत जायचं. सरळ मार्गाने निघालं तर पहिल्याच पायरीला दोन पदं हाती येतात, 2x cos x − x² sin x. दुसऱ्या पायरीला ती तीन होतात. पुढेही पदं तीनच राहतात, पण दर वेळी सहगुणक बदलतात, चिन्हं उलटतात, साइनच्या जागी कोसाइन येतो. सहाव्या-सातव्या पायरीला एखादं वजाचं चिन्ह निसटलं की पुढचं सगळं चुकतं, आणि ते चुकलंय हे कागदाकडे बघून कळतही नाही.

खरं तर हे उत्तर काढावंच लागत नाही, ते वाचता येतं. ते का वाचता येतं हे समजून घेण्यात या प्रश्नाची सगळी मजा आहे.

एखादं फंक्शन x च्या घातांच्या बेरजेत मांडलेलं आहे असं धरा:

f(x) = a₀ + a₁x + a₂x² + a₃x³ + …

आता यातल्या फक्त a₃x³ या पदावर लक्ष ठेवा आणि त्याचे एकामागून एक डेरिव्हेटिव्ह घ्या. पहिल्यांदा 3a₃x² मिळतं, मग 6a₃x, आणि तिसऱ्यांदा नुसतं 6a₃. x पूर्ण संपला. त्याच्याआधीची, कमी घाताची पदं तोवर शून्य होऊन गेलेली असतात. नंतरच्या, मोठ्या घाताच्या पदांत अजून x शिल्लक असतो, पण x च्या जागी शून्य ठेवताच तीही नाहीशी होतात. म्हणून शून्यापाशी तिसऱ्या डेरिव्हेटिव्हसाठी एकटं 6a₃ उरतं. हा 6 म्हणजे 3 × 2 × 1, अर्थात 3!, म्हणजे ३ फॅक्टोरियल. दहाव्या घाताच्या पदाचंही हेच होतं: x¹⁰ चे दहा डेरिव्हेटिव्ह घेताना 10, 9, 8 असे गुणक एकेक करून बाहेर पडतात आणि शेवटी 10! × a₁₀ राहतं. थोडक्यात, श्रेणीतला x¹⁰ चा सहगुणक माहीत असेल तर दहावा डेरिव्हेटिव्ह माहीत झालेलाच आहे. त्याला फक्त 10! ने गुणायचं बाकी असतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि सगळी भिस्त तिच्यावर आहे. सहगुणक हे डेरिव्हेटिव्हवरूनच ठरतात, त्यामुळे एका फंक्शनला शून्याभोवती अशी एकच श्रेणी असू शकते. मग ती श्रेणी आपण कुठल्याही मार्गाने मिळवलेली असो, गुणाकार करून किंवा पाठ असलेल्या दुसऱ्या श्रेणीवरून, ती खरीच श्रेणी असते आणि तिचे सहगुणक खरेच असतात.

कोसाइनची श्रेणी आपल्याला तयार मिळते:

cos x = 1 − x²/2! + x⁴/4! − x⁶/6! + x⁸/8! − x¹⁰/10! + …

ही श्रेणी केरळच्या गणितपरंपरेत युरोपच्या बरीच आधी माहीत होती. चौदाव्या शतकातल्या संगमग्रामच्या माधवाकडे तिचं श्रेय जातं, आणि तिची उपपत्ती ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात लिहून ठेवली. ब्रूक टेलरचं पुस्तक १७१५ चं, आणि शून्याभोवतीच्या श्रेणीला ज्याचं नाव मिळालं त्या मॅक्लॉरिनचं १७४२ चं.

आता या श्रेणीला x² ने गुणायचं. प्रत्येक पदाचा घात दोनने वाढतो, सहगुणक तोच राहतो:

x² cos x = x² − x⁴/2! + x⁶/4! − x⁸/6! + x¹⁰/8! − …

x¹⁰ चा सहगुणक 1/8! आहे. त्याला 10! ने गुणलं की 10!/8! = 10 × 9 = 90. झालं उत्तर. 10! म्हणजे ३६,२८,८००, पण हा आकडा कुठेही लिहावा लागला नाही.

इथे चुका ठरावीक होतात आणि चुकीच्या उत्तरावरून ती कुठे झाली हे ओळखता येतं. उत्तर −1 आलं असेल तर x² ने गुणायचं विसरून सहगुणक थेट कोसाइनच्या श्रेणीतून उचलला आहे. उत्तर 1 आलं असेल तर सहगुणक बरोबर वाचलाय, पण गुणलंय 8! ने. x¹⁰ च्या पदाखाली 8! दिसतो म्हणून हात तिकडे जातो. गुणायचं मात्र घाताच्या फॅक्टोरियलने असतं, छेदातल्या नव्हे. आणि उत्तर 1/40320 असं अगदी बारीक आलं, तर सहगुणकालाच डेरिव्हेटिव्ह समजलं गेलंय.

पडताळा घ्यायचा तर लायब्निझचा नियम आहे. x² चे डेरिव्हेटिव्ह 2x, मग 2, आणि त्यापुढे शून्य. त्यामुळे दहाव्या डेरिव्हेटिव्हमध्ये तीनच पदं टिकतात:

90 cos x − 20x sin x − x² cos x

x = 0 ठेवला की 90. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, आता शंकेला जागा नाही. कम्प्युटरवर शून्याच्या आसपासच्या किमती घेऊन, त्यांच्या फरकांवरून हा आकडा काढायला गेलं तर मात्र फसगत होते. दोन किमतींमधलं अंतर 0.01 ठेवलं तर शेवटी 10⁻²⁰ ने भागावं लागतं. कम्प्युटर साधारण सोळा अंकांपर्यंतच किंमत धरून ठेवतो, त्यामुळे त्याची अगदी बारीक चूकही या भागाकाराने फुगते आणि शेकड्यांच्या घरात जाऊ शकते. 90 त्यातच बुडून जातो.

एक अट न विसरण्याजोगी आहे: x रेडियनमध्ये हवा. कोसाइनची ही श्रेणी अंशांत मोजलेल्या कोनांसाठी खरी नाही.

आणि वाचन फक्त शून्यापाशीच चालतं. x = π इथला दहावा डेरिव्हेटिव्ह हवा असेल तर वरच्या श्रेणीतला 1/8! उपयोगाचा नाही, कारण तिथे x शून्य नसल्याने मोठ्या घातांची पदं नाहीशी होत नाहीत. तिथे श्रेणीच π भोवती मांडावी लागते. x = π + t लिहा. cos(π + t) म्हणजे −cos t, म्हणून फंक्शन होतं:

−(π² + 2πt + t²) cos t

आता t¹⁰ ची पदं वेचायची. π² ला कोसाइनमधला −t¹⁰/10! भेटतो, t² ला t⁸/8! भेटतो. 2πt ला t⁹ हवा असतो, पण कोसाइनमध्ये विषम घात नसतातच, म्हणून ते पद गळतं. बाहेरचं वजाचं चिन्ह धरून सहगुणक येतो π²/10! − 1/8!, आणि 10! ने गुणलं की π² − 90, म्हणजे साधारण −80.13. लायब्निझच्या तीन पदांच्या सूत्रात x = π घालून बघा; तिथेही हेच येतं.